भाडे पाठवले, कापले गेले, पण पोचले नाही: घरमालकांना पत्र कसे लिहावे

प्रश्न: पुण्यात लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. भाडं २२,०००, दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत द्यायचं असं करारात आहे. ४ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी बँकेच्या ॲपवरून आयएमपीएसने पाठवलं. माझ्या खात्यातून पैसे गेले, मालकांना मिळाले नाहीत, आणि ६ तारखेला सकाळी ते माझ्याच खात्यात परत आले. मालक वयस्कर आहेत, स्वभावाने बरे आहेत, पण "नेहमीचंच कारण" म्हणाले. त्यांना रीतसर पत्र द्यायचं आहे. काय लिहू, पुरावा कोणता जोडू आणि तारीख कोणती कबूल करू?

उत्तर:

पत्र लिहायला बसण्याआधी पैसे पुन्हा पाठवा. पैसे तुमच्या खात्यात परत आले आहेत, म्हणजे अडचण संपली आहे. "पाठवणार आहे" असे सांगणाऱ्या पत्रापेक्षा "आज दुपारी पुन्हा पाठवले, हा क्रमांक" असे सांगणारे पत्र कितीतरी वजनदार ठरते. मालकांना तुमची बाजू पटवायला लागणारी निम्मी मेहनत तिथेच वाचते.

पुन्हा पाठवताना मात्र त्याच वाटेने पाठवू नका. असे का, ते कळण्यासाठी चार तारखेला काय झाले असावे ते पाहू. आयएमपीएसमध्ये तुमची बँक आधी तुमच्या खात्यातून रक्कम वजा करते आणि मग एनपीसीआयच्या यंत्रणेमार्फत मालकांच्या बँकेला निरोप जातो. त्या बँकेने काही सेकंदांत "जमा केले" किंवा "जमा होत नाही" असे उत्तर द्यायचे असते. खाते क्रमांक किंवा आयएफएससी चुकीचा असेल तर सहसा लगेच नकार येतो आणि पैसे थोड्याच वेळात परत दिसतात. तुमच्या बाबतीत ते दीड दिवस लटकले. याचा अर्थ बहुधा पलीकडच्या बँकेचे उत्तरच वेळेत आले नाही. अशा वेळी पैसे जमा झाले की नाही हे तुमच्या बँकेलाही त्या क्षणी ठाऊक नसते. ॲपवर Pending दिसते, आणि दोन्ही बँकांचे हिशेब जुळवल्यावर रक्कम एकतर मालकांकडे जमा होते किंवा तुमच्याकडे परत येते.

यूपीआयची रचनाही याच जातीची आहे. तिथेही पलीकडच्या बँकेचे तत्काळ उत्तर लागते, त्यामुळे मालकांच्या बँकेची यंत्रणा अजून अडखळत असेल तर यूपीआयने पाठवूनही तेच व्हायचे. एनईएफटी वेगळी आहे. ती रिझर्व्ह बँकेमार्फत दर अर्ध्या तासाच्या तुकड्यांत जाते आणि तुकडी निघाल्यावर मालकांच्या बँकेला रक्कम जमा करायला किंवा परत पाठवायला दोन तास मिळतात. काही सेकंदांत उत्तर मिळण्यावर ती अवलंबून नाही. १६ डिसेंबर २०१९ पासून ती सुट्टीच्या दिवशीही, चोवीस तास चालते, आणि बचत खात्यावरून ऑनलाइन पाठवल्यास शुल्कही लागत नाही. म्हणून आजचे भाडे एनईएफटीने पाठवा. पाठवण्याआधी मालकांकडून पासबुकाच्या पहिल्या पानाचा किंवा रद्द केलेल्या चेकचा फोटो मागवून खाते क्रमांक आणि आयएफएससी एकदा ताडून घ्या. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातले पाचवे अक्षर नेहमी शून्य असते, इंग्रजी ओ नव्हे. मालकांची बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुना कोड बाद झालेला असू शकतो. शंका असेल तर आधी एक रुपया पाठवा, तो मिळाल्याचे मालकांकडून कळू द्या, मग उरलेली रक्कम सोडा.

आता पुराव्याकडे वळू. इथेच बहुतेकांचे चुकते.

व्यवहाराचा ॲपमधला स्क्रीनशॉट हा पुरावा म्हणून सर्वांत कच्चा. खोटे स्क्रीनशॉट सहज बनतात हे आता मालकांनाही माहीत आहे. शिवाय ॲपवरचा शब्द फसवा असतो. एनईएफटी केल्यावर दिसणाऱ्या Success चा अर्थ तुमच्या बँकेने विनंती स्वीकारली एवढाच होतो, मालकांच्या खात्यात पैसे पडले असा नाही. चार तारखेचा स्क्रीनशॉट एकटाच पाठवलात तर त्यातून फार तर "मी प्रयत्न केला" एवढेच दिसते. पैसे नंतर परत आले की नाही हे त्यात नसते, आणि मालकांचा खरा प्रश्न तोच आहे: याच्याकडे पैसे होते का, आणि आता आहेत का?

त्याचे उत्तर खातेउताऱ्यात मिळते. नेट बँकिंगमधून ४ ते ६ नोव्हेंबर एवढ्याच तारखांचा उतारा पीडीएफमध्ये उतरवून घ्या. त्यात दोन ओळी सापडतील. पहिली चार तारखेची, २२,००० वजा झाल्याची. दुसरी सहा तारखेची, २२,००० जमा झाल्याची, आणि तिच्या तपशिलात REV, RVSL किंवा RETURN असा काहीतरी शब्द असेल. प्रत्येक बँकेची लिहिण्याची तऱ्हा वेगळी असते, पण दोन्ही ओळींत बहुधा एकच बारा अंकी व्यवहार क्रमांक असतो, ज्याला बँकेत आरआरएन म्हणतात. तो समान क्रमांक हाच या प्रकरणाचा कणा आहे, कारण परत आलेली रक्कम चार तारखेचीच आहे, तुम्ही कुठून तरी उसनी आणून भरलेली नाही, हे त्यावरून सिद्ध होते. दोन्ही ठिकाणी त्याच्याखाली पेनाने रेघ ओढा. बँकेने दुसऱ्या ओळीत क्रमांक दिला नसेल तर ॲपमधल्या त्याच व्यवहाराचे तपशिलाचे पान उघडा. तिथे आता Failed किंवा Reversed अशी स्थिती आणि क्रमांक दोन्ही दिसतील. ते पान उताऱ्यासोबत जोडा. असा जोड म्हणून स्क्रीनशॉट चालतो, एकट्याने चालत नाही.

उतारा जसाच्या तसा मात्र पाठवू नका. मालकांना तुमचा पगार, शिल्लक आणि किराणा कळण्याचे काही कारण नाही. बँकेच्या पीडीएफला बहुधा पासवर्ड असतो आणि तो जन्मतारखेवरून किंवा ग्राहक क्रमांकावरून बनलेला असतो, तेव्हा तो पासवर्ड कळवून मूळ फाइल पाठवणे तर अजिबात नको. सोपा उपाय कागदाचा आहे. पान छापा, शिल्लकेच्या रकान्यावर आणि इतर ओळींवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवा आणि स्कॅन करा. खाते क्रमांकाचे शेवटचे चार अंक, तुमचे नाव, बँकेचे नाव, तारखा आणि त्या दोन ओळी उघड्या राहू द्या. फोनमधल्या हायलायटरने आकडे गिरवून झाकू नका, कारण फोटोचा उजेड वाढवला की खालचे आकडे अनेकदा वाचता येतात. पीडीएफ संपादकात ओळी पुसूनही टाकू नका. झाकलेला कागद झाकलेला दिसतो. पुसलेला कागद फेरफार केल्यासारखा दिसतो, आणि मग खऱ्या पुराव्यावरही संशय येतो.

तिसरी जोडणी म्हणजे आज केलेल्या एनईएफटीचा यूटीआर क्रमांक, पत्रातच लिहिलेला. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षरांचा असतो. मालकांना तुमच्या कागदावर विश्वास ठेवायचा नसेल, तर हा क्रमांक घेऊन ते स्वतःच्या बँकेत विचारू शकतात. बँकेकडे तक्रार नोंदवली असेल तर तिचाही क्रमांक एका ओळीत द्यावा. "बँकेकडून पत्र आणा" असे काही मालक म्हणतात. तसे पत्र शाखेतून मिळू शकते, पण वेळ लागतो, आणि एका महिन्याच्या दोन दिवसांच्या उशिरासाठी उतारा पुरेसा आहे.

आता तारीख. हा सगळ्यात जपून लिहिण्याचा भाग आहे, कारण उशीर एकदा माफ होतो, कबूल केलेली तारीख चुकली की माफ होत नाही.

गुरुवार, ६ तारखेला दुपारी केलेली एनईएफटी संध्याकाळपर्यंत जमा व्हायला हवी. तरी पत्रात "आज संध्याकाळी" असे न लिहिता "शुक्रवार, ७ नोव्हेंबर सायंकाळी ६ पर्यंत" असे लिहा. पैसे आज संध्याकाळीच पोचले तर मालकांना बरेच वाटेल. अपेक्षेवर एक दिवस वाढवून तारीख द्यायची, एवढाच नियम. मालकांचे खाते तुमच्या यादीत आधीपासून नसेल आणि ते नव्याने जोडावे लागणार असेल तर जास्त सावध राहा. पुष्कळ बँका नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिले काही तास, बहुधा एक दिवस, मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. "आजच पाठवतो" म्हणून कबूल करून बसलेले लोक इथे अडकतात.

त्यापुढे एक मागची वाटही द्यावी: सातला पैसे दिसले नाहीत तर काय? कॅलेंडर पाहिलेत तर लक्षात येईल की ८ नोव्हेंबर हा महिन्याचा दुसरा शनिवार आहे, त्यामुळे बँका बंद, आणि नऊला रविवार. चेक, ड्राफ्ट किंवा शाखेत जाऊन भरणा यांपैकी काहीही सोमवार, १० नोव्हेंबरच्या आधी होणार नाही. म्हणून मागची वाट दहा तारखेची द्या. आणि ती अशा पैशांची असू द्या जे या एनईएफटीत अडकलेले नाहीत: दुसरे खाते, मोडता येणारी ठेव, घरच्यांकडून घेतलेली रक्कम. ज्या खात्यातून पैसे नुकतेच गेले त्याच खात्यावरचा चेक द्यायचा, तर तो वटण्याइतकी शिल्लक हवी. चेक परत गेला तर प्रकरण पूर्णपणे वेगळ्या वळणावर जाते, तेव्हा खात्रीची शिल्लक नसेल तर चेकचे नावही काढू नका.

"पैसे येताच देतो" किंवा "दोन-तीन दिवसांत" यांना तारीख म्हणत नाहीत. मालकांच्या घरकर्जाचा हप्ता याच भाड्यातून जात असेल, आणि तसे पुष्कळांचे असते, तर त्यांना वार आणि वेळ हवी असते.

वरचे सगळे धरून पत्र असे होईल. एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नका.

दिनांक: ६ नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. ..............................
(करारनाम्यातील पत्ता)

विषय: नोव्हेंबर २०२५ चे भाडे, रु. २२,०००, बँक व्यवहार पूर्ण न झाल्यामुळे झालेला उशीर.

सा. न. वि. वि.

आपल्या .................... येथील सदनिकेचे नोव्हेंबर महिन्याचे भाडे रु. २२,००० (अक्षरी रुपये बावीस हजार फक्त) करारनाम्याप्रमाणे ५ नोव्हेंबरपर्यंत आपल्या खात्यात जमा व्हायला हवे होते. ते झाले नाही, याबद्दल मी दिलगीर आहे.

ही रक्कम मी मंगळवार, ४ नोव्हेंबर रोजी सायंकाळी ७.४२ वाजता आयएमपीएसने आपल्या नेहमीच्या खात्यावर (शेवटचे चार अंक ........) पाठवली होती. ती माझ्या खात्यातून वजा झाली, पण आपल्या खात्यात जमा झाली नाही. गुरुवार, ६ नोव्हेंबर रोजी सकाळी ती माझ्या खात्यात परत आली. दोन्ही नोंदींचा व्यवहार क्रमांक एकच आहे: ....................

आज दुपारी १२.३० वाजता हीच रक्कम मी एनईएफटीने पुन्हा पाठवली आहे. यूटीआर क्रमांक: .................... शुक्रवार, ७ नोव्हेंबर रोजी सायंकाळी ६ वाजेपर्यंत ती आपल्या खात्यात जमा होईल. तोपर्यंत ती दिसली नाही, तर सोमवार, १० नोव्हेंबर रोजी दुपारी १२ पर्यंत माझ्या दुसऱ्या खात्यावरचा रु. २२,००० चा चेक मी आपल्या घरी आणून देईन.

सोबत खातेउताऱ्याची प्रत (४ ते ६ नोव्हेंबर) आणि व्यवहाराच्या तपशिलाचे पान जोडले आहे. या व्यवहाराशी संबंध नसलेल्या नोंदी झाकल्या आहेत. मूळ उतारा पाहायचा असल्यास मी समक्ष दाखवीन.

रक्कम जमा झाल्यावर कृपया कळवावे.

कळावे,
आपला नम्र,
(सही)
नाव, सदनिका क्रमांक, मोबाइल क्रमांक

वेळ आणि वार तुमच्या उताऱ्याप्रमाणे बदला. उताऱ्यात ७.४४ असेल तर पत्रात ७.४२ नको. एवढ्याशा फरकावरून कोणी भांडत नाही, पण कागद आणि पत्र तंतोतंत जुळले की वाचणारा पुढचे प्रश्न विचारत नाही.

या मजकुरात काही गोष्टी मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. "सर्व्हर डाऊन होता" हे वाक्य नाही, कारण तुम्हाला ते ठाऊक नाही, आणि मालकांनी ते पूर्वी पुष्कळदा ऐकले असेल. "नेहमीचंच कारण" हा शेरा बहुधा त्यातूनच आला आहे. पाच तारखेला गुरुनानक जयंतीची बँकेला सुट्टी होती, हेही कारण म्हणून देऊ नका. आयएमपीएस सुट्टीच्या दिवशी चालते हे मालकांच्या मुलाला किंवा जावयाला माहीत असते, आणि तेवढ्या एका चुकीच्या कारणाने बाकीचे खरे पत्र पडेल. दोष मालकांच्या बँकेचा असावा असे तुम्हाला वाटत असले तरी तेही लिहू नका. कोणत्या टोकाला अडकले हे या कागदांवरून सिद्ध होत नाही, आणि वयस्कर माणसाला आपल्याच बँकेवर ठपका ठेवल्यासारखे वाटते.

"डिपॉझिटमधून वळते करून घ्या" असे तर चुकूनही लिहू नका. डिपॉझिट करार संपताना हिशेब करण्यासाठी असते, आणि भाडे त्यातून कापू नये असे बऱ्याच करारांत स्पष्ट लिहिलेले असते. दोन दिवसांच्या उशिरासाठी तो विषय काढला की भाडेकरूकडे पैसेच नाहीत असा अर्थ निघतो. जी गोष्ट तुमच्या उताऱ्याने खोडून काढायची आहे, ती तुम्ही स्वतःच मांडल्यासारखे होते.

करार उघडून भाड्याचे कलम एकदा वाचा. उशिरासाठी रोजचा आकार ठरलेला असेल तर मालकांनी मागण्याची वाट पाहू नका. समजा दिवसाला १०० रुपये आहे आणि पैसे सात तारखेला जमा होणार, तर ५ नंतरचे दोन दिवस, म्हणजे २०० रुपये. ते भाड्यासोबतच, पण वेगळ्या व्यवहाराने पाठवा आणि पत्रात एक ओळ वाढवा: "कराराच्या कलम ..... प्रमाणे दोन दिवसांचा उशिराचा आकार रु. २०० स्वतंत्रपणे पाठवला आहे." वेगळा व्यवहार अशासाठी, की भाड्याचा आकडा दर महिन्याला २२,००० च राहतो आणि वर्षअखेर भाड्याच्या पावत्या जुळवताना घोळ होत नाही. करारात असा आकार नसेल तर स्वतःहून देऊ करू नका. एकदा दिला की तो प्रघात पडतो.

पत्र कसे पोचवावे? मालक वयस्कर आहेत तेव्हा आधी फोन, मग छापील प्रत हातात, आणि तीच प्रत करारातल्या ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून. छापील प्रतीची दुसरी प्रत स्वतःकडे ठेवा. तिच्यावर "मिळाले" अशी सही मागणे मला स्वतःला इथे अनावश्यक वाटते, कारण संबंध बरे आहेत आणि सही मागितली की कोर्टकचेरीचा वास येतो. ईमेलची तारीख पुरे आहे. भाड्याचा व्यवहार मालकांचा मुलगा परदेशातून पाहत असेल तर ईमेलची प्रत त्यालाही जाऊ द्या, पण पत्र ज्यांच्या नावे करार आहे त्यांच्याच नावे असावे.

हे झाले पैसे परत आलेल्या प्रकरणाचे. ते अजून लटकलेलेच असते तर पत्राचा तिसरा परिच्छेद वेगळा लागला असता, आणि अनेकांची अडचण तीच असते, म्हणून तोही देतो. Pending असताना लगेच पूर्ण रक्कम पुन्हा पाठवली तर पहिली रक्कमही मागाहून मालकांकडे जमा होऊ शकते. ते काही मोठे संकट नाही, पण आधी लिहून ठेवले नाही तर पुढच्या महिन्याला वाद होतो. हाताशी पूर्ण रक्कम नसेल तर जेवढी आहे तेवढी आज पाठवावी. पत्राबरोबर खात्यात पडलेले दहा हजार मालकांना कोणत्याही उताऱ्यापेक्षा लवकर पटतात. परिच्छेद असा:

"ही रक्कम अद्याप माझ्या खात्यात परत आलेली नाही. तिची वाट न पाहता मी आज रु. १०,००० एनईएफटीने पाठवले आहेत (यूटीआर ....................). उरलेले रु. १२,००० सोमवार, १० नोव्हेंबर रोजी सायंकाळी ६ पर्यंत पाठवीन. अडकलेली रक्कम मध्येच आपल्या खात्यात जमा झाल्यास कृपया त्याच दिवशी कळवावे. जादा आलेली रक्कम परत करावी की डिसेंबरच्या भाड्यात धरावी, हे आपण सांगाल तसे करू."

इथे दहा तारीख कशावरून आली, हे तुम्हाला माहीत असले पाहिजे: पगार, ठेव, काहीतरी ठोस. अडकलेले पैसे तोपर्यंत सुटतील या आशेवर तारीख देऊ नका. ते सुटले तर उत्तमच, पण तारीख त्यांच्यावर टांगलेली नको.

आणखी एक प्रकार असतो, ज्याला लोक "व्यवहार फेल झाला" म्हणतात पण तो फेल झालेला नसतो. खाते क्रमांकातला एक अंक चुकला आणि त्या क्रमांकाचे खाते दुसऱ्या कोणाचे तरी असले, तर पैसे यशस्वीपणे तिकडे जमा होतात. जमा करताना बँक खाते क्रमांक पाहते, नाव जुळवत नाही. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दाखवण्याची सोय बँकांनी द्यायची आहे, ती वापरा, पण दिसलेले नाव वाचायचे काम तुमचेच. असे पैसे आपोआप परत येत नाहीत. बँक त्या खातेदाराशी संपर्क साधते आणि त्याची संमती मिळाली तरच परत मिळतात, त्याला किती दिवस लागतील सांगता येत नाही. उताऱ्यात वजा झाल्याची ओळ आहे, परतीची नाही, आणि स्थिती Success आहे, असे असेल तर आधी खाते क्रमांकाचा अंक न् अंक तपासा. चूक निघाली तर पत्रात "खाते क्रमांक चुकल्याने रक्कम अन्य खात्यात गेली" असे सरळ लिहा आणि तारीख पूर्णपणे दुसऱ्या पैशांची द्या. त्याला "बँकेची अडचण" म्हटलेत आणि मालकांनी क्रमांक घेऊन चौकशी केली, तर दोन मिनिटांत खरे कळते.

पैसे जमा झाल्याचे मालकांनी कळवले की त्याच संभाषणात उत्तर द्या: "नोव्हेंबर २०२५ चे भाडे रु. २२,००० आपल्याला ७ तारखेला मिळाले, धन्यवाद. कृपया पावती द्यावी." पावतीवर रक्कम मिळाल्याची तारीख आणि "नोव्हेंबर २०२५ चे भाडे" हे दोन्ही असू द्या. नुसती तारीख असली तर पुढे कधीतरी हे डिसेंबरचे आगाऊ की नोव्हेंबरचे उशिराचे, असा प्रश्न निघतो.

राहता राहिला तुमचा आणि बँकेचा हिशेब, जो मालकांच्या पत्रात आणायचा नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे आयएमपीएसमध्ये खात्यातून वजा झालेली पण पलीकडे जमा न झालेली रक्कम फार तर दुसऱ्या दिवशीपर्यंत परत यायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची असते, तीही तक्रारीची वाट न पाहता. दिवस मोजताना कॅलेंडरची तारीख धरतात, त्यामुळे पाचची सुट्टी बँकेच्या मदतीला येत नाही. तुमचा व्यवहार चारचा, मुदत पाचपर्यंत, पैसे आले सहाला: एक दिवसाचे १०० रुपये तुमचे. उताऱ्यात पुढच्या काही दिवसांत ते दिसले नाहीत तर ॲपमधून त्याच व्यवहारावर तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. ३० दिवसांत बँकेचे उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, आणि तिथे जोडायला लागणारे कागद म्हणजे तुम्ही मालकांसाठी काढलेल्या त्याच दोन ओळी.